पावणेदोन किलो मैद्यात मोमो किती होतात? सारण किती धरायचं?

वडगावची_वहिनी
नमस्कार मंडळी. आमच्या स्त्रीशक्ती गटाला टिळकवाडीतल्या एका कॉलेजच्या कार्यक्रमासाठी मोमोची ऑर्डर आलीय. 40 प्लेट, प्लेटला 6 नग, म्हणजे 240. व्हेज, कोबी-पनीरचे. पाऱ्या हातानेच लाटणार, मशीन नाही. चार बायका आहोत.
नेहमी आमचं असं होतं की पीठ आधी संपतं आणि सारण वाटीभर राहतं, मग धावतपळत पुन्हा मैदा मळायचा. एका पारीला पीठ किती ग्रॅम आणि सारण किती ग्रॅम धरायचं? आणि उलट हिशोब कसा करायचा, म्हणजे अमुक इतकं पीठ मळलं तर पाऱ्या किती निघतील?
वजनकाटा आहे, साधा स्वयंपाकघरातला, 1 ग्रॅमपर्यंत दाखवतो.

अनगोळकर
एकदम सोपं आहे वहिनी. पारी 10 ग्रॅमची, किलोला 100 पाऱ्या. 240 ला अडीच किलो मैदा आणा, रविवार पेठेत होलसेलला घ्या, स्वस्त पडेल. सारणही तेवढंच, अडीच किलो. डोक्याला ताप नाही.

मोदकवाली_आजी
पारीसाठी तांदळाची पिठी जुनी नको गं, उकड फाटते. एक किलो पिठीला एक लिटर पाणी उकळत ठेव, त्यात मीठ आणि चमचाभर तूप. सारणात गूळ पातळ झाला की पारी खालून फुटते, तेवढं सांभाळ.

वडगावची_वहिनी
आजी, हे मोदक नव्हेत, मोमो 🙂 मैद्याचे, तिखटाचे. पण खालून फुटायचं दुखणं आमचंही तेच आहे.

मोदकवाली_आजी
अगोबाई. चष्मा नव्हता. पण खालून फुटायचं कारण दोन्हीकडे एकच असणार, सारणातलं पाणी. आता तुमच्यातलं कोण काय सांगतंय ते ऐकते.

काटा_आणि_झारा
अनगोळकर, 10 ग्रॅमची पारी बरोबर धरलीत, पण किलोला 100 हे *मळलेल्या पिठाचं* गणित झालं, मैद्याचं नव्हे. मोमोच्या पिठात किलो मैद्याला साधारण 480 मिली पाणी जातं, वर 20 ग्रॅम तेल आणि 10 ग्रॅम मीठ. म्हणजे एक किलो मैद्याचं 1510 ग्रॅम पीठ होतं. तुमच्या हिशोबाने वहिनींनी अडीच किलो मैदा मळला तर पावणेचार किलो पीठ हातात येईल आणि साडेतीनशेवर पाऱ्या निघतील. दुसऱ्या दिवशी गटातल्या सगळ्यांच्या घरी शंकरपाळ्या.

वहिनी, मी गोव्याकडे हॉटेलच्या किचनमध्ये बरीच वर्षं होतो, आता बेळगावातच आहे. तुमच्या ऑर्डरचा हिशोब उलटीकडून करूया, म्हणजे शेवटच्या नगापासून मागे मैद्यापर्यंत.

240 नग द्यायचे. फाटणारे, चिकटणारे, चाखायचे असे थोडे वर धरायला हवेत, शंभरी पाच पुरे. म्हणजे 252 पाऱ्या. 10 ग्रॅमप्रमाणे 2520 ग्रॅम पीठ. परातीला, हाताला, काट्याच्या ताटलीला चिकटून शंभरी तीन जातं, म्हणून 2600 धरा. आता 2600 ला 1.51 ने भागा, मैदा येतो 1720 च्या आसपास. 1 किलो 725 ग्रॅम मैदा, 830 मिली पाणी, 35 ग्रॅम तेल, 17-18 ग्रॅम मीठ. तुमच्या शीर्षकातला पावणेदोन किलोचा अंदाज बरोबरच होता.

पाणी मात्र एकदम ओतू नका. पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं की मैदा हवेतली ओल धरून बसतो, तेव्हा पाणी कमी लागतं. 780 मिली घालून मळा, उरलेलं हात बघून. मळल्यावर पूर्ण गोळा काट्यावर ठेवा आणि जे वजन येईल त्यावरून पाऱ्या मोजा, कागदावरच्या वजनावरून नको.

अनगोळकर
बरोबर आहे, मैदा म्हणायला नको होतं. आई किलो म्हणायची ते मळलेलंच असणार.

निपाणी_नाका_चहा
आमचं समोशाचं सांगतो. नाक्यावर गाडी आहे. किलो मैदा, 200 ग्रॅम मोहन, पाणी 370 मिलीच्या आसपास, ओवा-मीठ धरून 1600 ग्रॅम पीठ होतंय. लाटी 50 ग्रॅमची. लांबट पोळी लाटायची, मधून सुरीनं कापायची, एका लाटीत दोन समोसे. म्हणजे 32 लाट्या, 64 समोसे. हातात प्रत्यक्षात 62 येतात, कधी 63. सारण एकात 40 ग्रॅम, म्हणून किलो मैद्याला अडीच किलो सारण, ठरलेलं.
त्या मानानं तुमची 10 ग्रॅमची पारी म्हणजे कागदच की ओ. सारण बाहेर नाही येत?

काटा_आणि_झारा
नाक्यावरचे शेठ, तुमचा हिशोब चोख आहे, आणि त्यात एक फायदा आहे तो वहिनींना नाही. तुमची पोळी अर्धी कापली की दोन्ही भाग वापरले जातात, कातरण शून्य.
पारीचं म्हणाल तर समोशाचं पीठ तेलात खुसखुशीत व्हायचं असतं, त्यात मोहन आहे, ते जाड असलं तरी खाल्लं जातं. मोमोची पारी वाफेवर शिजते. ती जाड राहिली तर चुण्यांची गाठ वर कच्ची राहते आणि दाताला चिकटते. म्हणून पातळच हवी.

8 सेंटीमीटरची पारी, म्हणजे साधारण बशीतल्या आतल्या खळग्याएवढी, दीड मिलिमीटर जाड लाटली तर 9 ग्रॅम भरते. दोन मिलिमीटर राहिली तर 12. डोळ्याला हा फरक दिसत नाही, काट्याला दिसतो. 10 ग्रॅम म्हणजे मधोमध. फक्त एक करा, कडा पातळ आणि मध्य थोडा जाड ठेवा. सारणाचा भार मध्यावर येतो आणि चुण्या कडेच्या पडतात.

8 सेंटीमीटरच्या पारीत सारण 12 ते 15 ग्रॅम बसतं. तुम्ही 14 धरा. 252 ला साडेतीन किलो.

खानापूरची_लेक
आम्ही वाटीने पाऱ्या कापतो. मोठी पोळी लाटायची आणि वाटी दाबत जायचं. सगळ्या एकसारख्या गोल येतात, चार बायकांचे चार आकार होत नाहीत. वहिनींनी तेच करावं असं मला वाटतं.

काटा_आणि_झारा
करता येईल, पण मग मैदा वाढवावा लागेल. गोल पोळीतून गोल पाऱ्या काढल्या की मधल्या फटी आणि कडा उरतात. वाट्या कितीही जवळ दाबल्या तरी पहिल्या कापणीत पिठाचा दोन-तृतीयांश भागच पारी होतो. कातरण गोळा करून पुन्हा लाटलं, त्यातूनही तेवढाच हिस्सा काढला की दोन वेळचं मिळून नव्वद टक्के पीठ वापरलं जातं. उरलेलं दहा टक्के तिसऱ्यांदा लाटू नये असं माझं मत. म्हणजे 252 पाऱ्यांसाठी 2520 ऐवजी 2800 ग्रॅम पीठ, मैदा 1 किलो 855.

अजून एक. कापल्या कापल्या पारी आक्रसते. वाटी 8 ची आणि पारी भरताना साडेसात, असं होतं. पीठ झाकून अर्धा तास मुरू दिलं तर आक्रसणं कमी होतं, पण अगदी थांबत नाही.

खानापूरची_लेक
तिसऱ्यांदा का नाही? आम्ही सगळं कातरण शेवटी एकत्र मळून लाटतो, काही वाया जात नाही. खाणाऱ्याला कळत नाही.

काटा_आणि_झारा
घरी खाणाऱ्याला कळत नसेल. प्रत्येक वेळी लाटताना वरून लावलेला कोरडा मैदा आत जातो, पीठ घट्ट होत जातं, रबरासारखं मागे ओढतं. त्या पाऱ्यांच्या चुण्या दाबल्या तरी वाफेत उघडतात, कारण कडा कोरड्या असतात.

खानापूरची_लेक
कडेला पाण्याचं बोट फिरवायचं की. आणि पीठ लावायला मैद्याऐवजी कॉर्नफ्लॉवर घ्यायचं, झटकून जातं. माझे तरी उघडत नाहीत. वाया घालवणं मला पटत नाही.

अनगोळकर
वजनाच्या भानगडीत एक शंका. माझा काटा 10 ग्रॅमची गोळी ठेवली की कधी 9 दाखवतो, कधी 11. मग 10 ची पारी करायची कशी?

काटा_आणि_झारा
हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न. 1 ग्रॅमच्या काट्यावर 10 ग्रॅमची एकच गोळी तोलण्यात अर्थ नाही, कारण काटा जिथे एक ग्रॅम चुकेल तिथे तुमची दहा टक्क्यांची चूक झाली. दहाचा एकदम हिशोब करायचा. पिठाची वळी करा, 100 ग्रॅमचा तुकडा तोडून काट्यावर बघा, मग त्याचे सुरीने दहा समान भाग करा. आधी मधून दोन, मग प्रत्येकाचे पाच.

आणि एका ग्रॅमने काय होतं ते बघा. 2520 ग्रॅम पीठ 10 च्या गोळ्यांत 252. तेच 11 च्या गोळ्यांत 229. म्हणजे ऑर्डरलाच 11 कमी पडले. वहिनी, तुमचं पीठ आधी संपून सारण राहतं त्यामागे बहुतेक हेच आहे. गोळी नकळत मोठी तोडली जाते, चमचा मात्र तोच राहतो.

निपाणी_नाका_चहा
शंभर टक्के. आमच्याकडे पोरगं लाटी तोडायला बसलं की दुपारनंतर लाटी मोठी होत जाते. कंटाळा ओ, दुसरं काय. म्हणून मी लाट्या सकाळीच तोलून ताटात ओल्या फडक्याखाली ठेवतो, मग लाटायला देतो.

टिळकवाडी_फूडी
प्लेट कितीला देणार आहात? 6 नगाला 60 घेतात आमच्या गल्लीत. चटणी लाल असेल तर अजून 10.

वडगावची_वहिनी
दर ठरलाय, तो मुद्दा नाही. 🙏
काटा भाऊ, साडेतीन किलो सारण म्हणजे बाजारातून कोबी किती आणू? मागच्या खेपेला सारण भरपूर केलं होतं आणि ठेवल्यावर खाली पाणी साठलं.

काटा_आणि_झारा
सारणाचं वजन नेहमी पिळल्यानंतरचं धरायचं. चिरलेल्या कोबीला मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवलं आणि फडक्यात पिळलं की पाव ते तिसरा हिस्सा वजन पाण्यावाटे निघून जातं.

समजा तुमचं साडेतीन किलो सारण असं केलं: पिळलेला कोबी 2 किलो, पनीर 600 ग्रॅम, गाजर 500, कांदा 350, आलं-लसूण-मिरी-तेल मिळून उरलेलं. 2 किलो पिळलेल्यासाठी चिरलेला पावणेतीन-तीन किलो लागेल. वरची पानं आणि मधला दांडा यात 15 टक्के जातं. म्हणजे मंडईतून साडेतीन किलोचे गड्डे घ्या. घट्ट, जड गड्डे बघून घ्या, पोकळ गड्ड्यात दांडा जास्त.

न पिळता भरलंत तर दोन गोष्टी होतात. पारीत भरताना 14 ग्रॅम असलेलं सारण वाफेत पाणी सोडून आत लहान होतं, वरची पारी ढिली पडून सुरकुतते. आणि ते पाणी खाली साठून बूड मऊ होतं, मग उचलताना फुटतं. आजींनी सांगितलं तेच.

मोदकवाली_आजी
सांगितलं होतं ना!

चिकोडी_एक्स्प्रेस
पिळलेलं पाणी टाकून का द्यायचं? मी त्याच पाण्यात मैदा मळतो. चव येते आणि जीवनसत्त्वंही वाया जात नाहीत.

काटा_आणि_झारा
मळता येतं, वजनात काही बिघडत नाही. पण त्यात मीठ आधीच आहे, पिठात वेगळं मीठ घालू नका. आणि मला त्या पाण्याचा वास पारीला नको वाटतो, कोबीचा उग्र वास वाफेत वाढतो.

चिकोडी_एक्स्प्रेस
वास लसणाने मरतो. माझ्याकडून आजवर कुणी परत केले नाहीत.

खानापूरची_लेक
पिळण्यापेक्षा सारणात भिजवून पिळलेले सोयाचे दाणे घाला, ते पाणी शोषून घेतात. पनीरचा खर्चही वाचतो.

वडगावची_वहिनी
पनीर त्यांनी मागितलंय, म्हणून सोया नको.
मी आधी थोडं करून बघितलं. 300 ग्रॅम मैदा, पाणी 144 मिली, तेल-मीठ तुम्ही सांगितल्या प्रमाणात. पीठ 453 ग्रॅम यायला हवं होतं, तेवढंच आलं. सारण 600 ग्रॅम केलं, पिळून. गोळ्या 100 ग्रॅमच्या वळीने करायच्या ठरवल्या, पण मधल्या वेळात जाऊबाई बसल्या आणि त्यांनी हाताच्या अंदाजाने तोडल्या. एकूण मोमो झाले 41. सारण 70 ग्रॅम राहिलं. 45 व्हायला हवे होते ना? चार कुठे गेले?

काटा_आणि_झारा
भरायच्या आधी दहा गोळ्या एकत्र तोलून बघितल्या होत्या का?

वडगावची_वहिनी
हो, मधेच एकदा. 107 आलं.

काटा_आणि_झारा
मग चारही सापडले. गोळी सरासरी 10.7 ची. 41 गुणिले 10.7 म्हणजे 439 ग्रॅम. 453 मधून 14 ग्रॅम गेले, ते परात आणि हात, शंभरी तीनच.
आता सारण बघा. 600 मधून 70 राहिलं, म्हणजे 530 लागलं. 41 ने भागलं तर 13 ला एक चिमूट कमी. चमचा 14 चा समजत होतो, तो 13 चा निघाला. पीठ जास्त, सारण कमी, दोन्ही बाजूंनी चूक एकाच दिशेला गेली, म्हणून पीठ आधी संपलं.
मोमो कसे झाले ते सांगा. गाठ शिजली? सुरकुतले?

वडगावची_वहिनी
गाठ शिजली, 12 मिनिटं वाफ दिली होती. सुरकुतले नाहीत. दोन खालून चिकटले, कारण ताटलीला तेल कमी लागलं. खायला छान होते, पोरांनी संपवले.

काटा_आणि_झारा
मग जाऊबाईंचा हात बदलायच्या नादी लागू नका. चार बायकांचे हात त्या दिवशी 10 वर आणणं कठीण. हाताला जे येतंय तेच धरून मैदा वाढवा.

252 गुणिले 10.7 म्हणजे 2700 च्या जवळ. तीन टक्के धरून 2780. 1.51 ने भागून 1840. तुम्ही 1 किलो 850 मैदा घ्या, पीठ 2790 होईल. सारण 252 गुणिले 13, 3 किलो 300 तयार, पिळलेलं. कोबी त्या मानाने थोडा कमी आणा, सव्वातीन किलोचे गड्डे पुरतील.

आणि कामाच्या दिवशी सगळं एकदम काढू नका. पिठाचे 930 ग्रॅमचे तीन गोळे, सारणाची 1100 ग्रॅमची तीन भांडी. एका जोडीतून 84 मोमो निघायला हवेत. पहिली जोडी संपली की मोजा. 84 च्या जागी 78 झाले आणि सारण राहिलं तर पुढच्या दोन गोळ्यांत गोळी जरा बारीक तोडायला सांगता येतं. सगळं एका परातीत असलं तर कळतं तेव्हा पीठ संपलेलं असतं. शिवाय मीठ लागलेलं सारण थोडं थोडं पाणी सोडतच राहतं, तीन भांड्यांत असलं तर शेवटचं भांडं झाकून थंड ठेवता येतं.

निपाणी_नाका_चहा
हे तीन जोड्यांचं मी समोशाला करून बघणार. आमचं सारण बटाट्याचं असल्यानं पाणी सोडत नाही, पण शेवटच्या पन्नासात बटाटा नेहमी कमी पडतोय.

काटा_आणि_झारा
शेठ, तुमचं उलटं आहे म्हणजे सारण जास्त भरलं जातंय. झाऱ्यातून काढताना समोशाची टोकाची शिवण उघडलेली दिसते का?

निपाणी_नाका_चहा
काही काही वेळा. तेल काळं पडतंय त्यानं. दहा समोसे भरल्यावर एकत्र तोलून बघू काय?

काटा_आणि_झारा
बघा. दहा भरलेले, न तळलेले. लाटीचे 25 आणि सारणाचे 40, म्हणजे दहाचे 650 यायला हवेत. 700 आले तर एकात 5 ग्रॅम बटाटा जास्त जातोय, 62 समोशांत 300 ग्रॅमवर.

निपाणी_नाका_चहा
तोलले. 690.

अनगोळकर
शेठ, पोरग्याला चमचा बदलून द्या.

निपाणी_नाका_चहा
पोरगं नव्हे ओ, आज मीच भरत होतो.

वडगावची_वहिनी
1 किलो 850 मैदा लिहून घेतला. कातरणाचं खानापूरच्या ताई आणि काटा भाऊ तुम्ही ठरवा, आम्ही गोळ्याच करणार आहोत. एकच राहिलं, वाफवायला इडलीचा मोठा डबा आहे, एका खेपेला 36 बसतात. 240 ला सात खेपा. आधी वाफवून ठेवले आणि तिथे पुन्हा गरम केले तर चालतील का, की कच्चे नेऊन तिथेच वाफवू?

चिकोडी_एक्स्प्रेस
कच्चे नेऊ नका, टिळकवाडीपर्यंत रस्त्यात एकमेकांना चिकटतील. वाफवून, वर तेलाचा हात फिरवून न्या.

खानापूरची_लेक
वाफवलेले पुन्हा वाफवले की पारी जाड लागते. कच्चेच न्या, ताटात कॉर्नफ्लॉवर भुरभुरून, एकमेकांना न लागता, वर फडकं.

काटा_आणि_झारा
पोचायला अर्धा तास असेल तर कच्चे. दोन तास असतील तर आठ मिनिटं वाफवून न्या आणि तिथे चार मिनिटं द्या. कॉलेजात गॅस मिळणार आहे का ते आधी विचारून घ्या.